‘आधार लिंक आहे’ म्हणतात, तरी शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही: पैसे शोधायचे कुठे?

प्रश्न: मी नागपूरला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटीवर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा (अनुसूचित जाती) फॉर्म मंजूर झाला. राज्याचा हप्ता खात्यात आला, केंद्राचा आलाच नाही. सोबतच्या मुलींना मिळाला. बँकेत विचारलं तर म्हणतात आधार लिंक आहे. कॉलेज म्हणतं बँकेत जा. समाजकल्याणमध्ये सांगितलं, आमच्याकडे मंजूर दाखवतंय. आता नेमकं कुठे जायचं आणि काय बोलायचं?

उत्तर: तिघांपैकी कोणी तुला खोटं सांगितलं असेल असं नाही. तिघांचीही उत्तरं एकाच वेळी खरी असतात आणि तरी पैसे येत नाहीत, असं मी कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर दरवर्षी बघतो. म्हणून पुन्हा रांगेत उभं राहण्याआधी पैसे आत्ता कुठे आहेत ते ठरव. ते दुसऱ्याच खात्यात पडलेले असतील, बँकेनं परत पाठवलेले असतील किंवा अजून निघालेच नसतील. तिन्हींसाठी जायचं ठिकाण वेगळं आहे.

बँकेतल्या बाबूनं तुझं खातं उघडलं, त्यात आधार क्रमांक दिसला आणि त्यानं ‘लिंक आहे’ म्हणून सांगितलं. ती नोंद केवायसीची. शिष्यवृत्ती त्या नोंदीवरून येत नाही. ती येते एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोचवणारी संस्था, तिच्याकडच्या एका यादीवरून. त्या यादीला मॅपर म्हणतात. त्या यादीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं. सरकारकडून रक्कम निघते ती तुझ्या आधार क्रमांकावर. एनपीसीआय मॅपर बघून ती त्या बँकेकडे देते आणि ती बँक स्वतःच्या संगणकात तुझं खातं शोधून पैसे जमा करते. पोस्टाच्या थैलीवर गाव लिहिलेलं असतं, घर पोस्टमननं शोधायचं, तसंच हे. मॅपरला बँक माहीत असते, खाते क्रमांक नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात घे. फॉर्मसोबत तू कोणत्या पासबुकाची झेरॉक्स दिली, याला आधारवर येणाऱ्या पैशाच्या बाबतीत काही अर्थ उरत नाही. तुझी चार बँकांत खाती असोत आणि चारही ठिकाणी केवायसीला आधार जोडलेलं असो, पैसे मॅपरमध्ये नाव असलेल्या एकाच बँकेत जाणार. शेवटी ज्या बँकेनं तुझ्या संमतीनं तिथं स्वतःचं नाव चढवलं, ती बँक.

म्हणून पहिलं काम घरी बसून मोबाइलवर होतं. `myaadhaar.uidai.gov.in` उघड, आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा आणि `Bank Seeding Status` दाब. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही. मग हे पान बघण्याआधी नंबर जोडून घ्यावा लागेल. पानावर बँकेचं नाव, पुढे `Active` किंवा `Inactive`, आणि ही नोंद शेवटी कधी बदलली ती तारीख दिसते. बहुतेक पोरं बँकेचं नाव आणि `Active` बघून पान बंद करतात. खरी माहिती तारखेत असते. तारखेसकट स्क्रीनशॉट काढ, पुढं प्रत्येक टेबलवर तोच लागणार आहे. साध्या फोनवरून बघायचं असेल तर `*99*99*1#` डायल करून आधार क्रमांक टाकला तरी बँकेचं नाव कळतं.

आता राज्याचा हप्ता आला आणि केंद्राचा नाही, असं का होतं ते बघ. या योजनेत ४० टक्के वाटा राज्याचा आणि ६० टक्के केंद्राचा असतो. राज्यानं आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. म्हणजे एकाच शिष्यवृत्तीचे पैसे दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून निघतात. मधे काही आठवडे जातात, कधी महिने. त्या मधल्या काळात मॅपरमध्ये काही बदललं, तर पहिला हप्ता एका बँकेत आणि दुसरा दुसऱ्याच बँकेत.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, तुझ्यासारखंच आहे. मुलगी कामठीकडची, घरून येणं-जाणं करणारी. वसतिगृहात न राहणाऱ्या, साध्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला या योजनेत वर्षाचा शैक्षणिक भत्ता ३,००० रुपये आहे, फी वेगळी. भत्त्यातले राज्याच्या वाट्याचे १,२०० रुपये आणि फीचा तेवढाच टक्का तिच्या नेहमीच्या सरकारी बँकेतल्या खात्यात हिवाळ्यात जमा झाला. भत्त्याचे उरलेले १,८०० आणि फीचा मोठा भाग यायचा होता, तो उन्हाळा लागला तरी आला नाही. बँकेत ती जाऊन आली, उत्तर तेच: लिंक आहे. तिला टेबलाशेजारी बसवून स्टेटस काढायला लावलं, तर `Active` होतं, पण बँकेचं नाव निराळंच. एका पेमेंट बँकेचं. आणि तारीख राज्याचा हप्ता जमा झाल्यानंतरची.

‘सर, माहं तं या बँकेत खातंच नाही,’ ती म्हणाली. मी विचारलं, मधे नवीन सिम घेतलं का, कुठल्या ॲपमध्ये आधार टाकून केवायसी केली का. थोडं आठवल्यावर निघालं की मोबाइलच्या दुकानात अंगठा दिला होता आणि तिथल्या पोरानं ‘खातं फुकट आहे, सबसिडी यातच येईल’ म्हणून पुढच्या पानावरही टिचकी मारून घेतली होती. त्या पानावर सरकारी लाभ याच खात्यात घेण्याची संमती होती. मॅपर तिथून हलला.

म्हणजे तिचे पैसे बुडाले नव्हते, अडकलेही नव्हते. त्या विसरलेल्या खात्यात ते पडून होते. त्याच नंबरवर ॲप उघडून, पिन नव्यानं ठरवून तिनं रक्कम बघितली आणि आपल्या बँकेत वळती केली. समाजकल्याणचा यात काहीच संबंध नव्हता, आणि तिनं तिथं दहा अर्ज दिले असते तरी ‘रक्कम जमा’ एवढंच उत्तर आलं असतं.

तुझ्या स्टेटसमध्ये अनोळखी बँक दिसली तर आधी ते खातं उघडून बघ. ॲप नाही, नंबर बदललाय, असं असेल तर आधार कार्ड घेऊन त्या बँकेच्या शाखेत किंवा सेवा केंद्रावर जा आणि आधारवर कोणतं खातं आहे, त्याचं स्टेटमेंट माग. शिष्यवृत्तीची नोंद स्टेटमेंटमध्ये ‘शिष्यवृत्ती’ म्हणून क्वचितच दिसते. बहुधा `APB`, `ACH` किंवा `NACH` अशी अक्षरं असतात. रकमेवरून ओळख.

स्टेटसमध्ये तुझीच बँक दिसली, तरी एक फाटा राहतो आणि तो बँकवाल्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. त्याच बँकेत तुझं दुसरं खातं आहे का? शाळेत असताना गावच्या शाखेत गुरुजींनी सगळ्या वर्गाची झिरो बॅलन्स खाती काढून दिलेली असतात. मग नागपूरला आल्यावर मुलं त्याच बँकेच्या सीताबर्डी किंवा धंतोलीच्या शाखेत नवीन खातं उघडतात. मॅपरला फक्त बँक कळते. दोन खात्यांपैकी कोणत्या खात्यात टाकायचं ते बँकेचा संगणक ठरवतो आणि तिथं अनेकदा जुनंच खातं नोंदलेलं असतं. काटोल-नरखेडकडच्या, भंडारा-गोंदियाकडच्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. गावचं जुनं पासबुक शोध आणि ते भरून आण. सरकारकडून थेट खात्यात येणाऱ्या पैशाला डीबीटी म्हणतात. बाबूला सांगायचं असेल तर असं सांग: ‘माझ्या आधारवर डीबीटीसाठी तुमच्या सिस्टीममध्ये कोणता खाते क्रमांक आहे, तो बघून सांगा. आणि या दुसऱ्या खात्यावर बदलून द्या.’ लिंक आहे का, असं विचारलंस की ‘आहे’ हेच उत्तर मिळणार.

दुसरी शक्यता, बँकेनं पैसे घेतलेच नाहीत. मॅपर बरोबर, खातंही तेच, पण खात्यावर काहीतरी बंधन. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांत यातलं सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे खातं अजून अज्ञानाचंच राहिलेलं असतं. बारावीच्या आत पालकाच्या सहीनं उघडलं, मुलगी १८ वर्षांची झाली, पण नवा फोटो, नवी सही आणि केवायसी दिलीच नाही. असं खातं सज्ञानात बदलेपर्यंत बँक येणारी रक्कम परत पाठवू शकते. खातं बंद किंवा गोठवलेलं असलं तरी तेच. आणखी एक मर्यादेचं कारण असतं. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’मध्ये कोणत्याही वेळी ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि वर्षभरात एकूण १ लाखापर्यंतच जमा होऊ शकते. सरकारी लाभ जमा करताना शिल्लकीची हद्द धरायची नसते, पण वर्षाच्या जमेची हद्द राहते. बी.एस्सी.च्या भत्त्यानं ती ओलांडणार नाही, पण इंजिनिअरिंग किंवा फार्मसीच्या फीचा मोठा हप्ता येतो तेव्हा अडू शकतो. पूर्ण केवायसी दिली की बंधन जातं.

खातं बरेच दिवस वापरलं नाही म्हणून बंद पडलं असं कोणी सांगितलं, तर एक नियम माहीत असू दे. शिष्यवृत्ती किंवा सरकारी लाभासाठी उघडलेल्या झिरो बॅलन्स खात्यांना व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शाखेत वाद घालायला नको, शाखाधिकाऱ्याला शांतपणे तारीख सांग, तो स्वतः बघेल.

`Inactive` दिसलं तर मात्र गोष्ट सरळ आहे. त्या बँकेनं तुझी नोंद मॅपरवर चालू ठेवलेली नाही आणि ती पुन्हा चढवल्याशिवाय एक रुपयाही येणार नाही. बँकांच्या विलीनीकरणानंतर हे जास्त बघायला मिळतं. आपल्याकडे विदर्भ कोकण ग्रामीण बँकेची खाती गावोगाव होती. ती बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तुझं किंवा घरच्यांचं खातं तिथलं असेल तर स्टेटस एकदा बघूनच ठेव.

आता बँकेत जाऊन काय करायचं. ‘आधार लिंक करा’ असा अर्ज देऊ नकोस. डीबीटी मिळवण्यासाठी आधार सीडिंग आणि एनपीसीआय मॅपिंगचा संमती अर्ज असतो, तो माग. त्यात एक रकाना असतो ज्याकडे कोणी बघत नाही: आधी मॅपिंग कोणत्या बँकेत होतं. अनोळखी बँक दिसत असेल तर तिचं नाव तिथं लिहायचं आणि मॅपिंग तिथून इकडे आणायला संमती आहे, हा पर्याय निवडायचा. हा रकाना कोरा राहिला की शाखेनं वर पाठवलेली विनंती नाकारली जाऊ शकते. आणि नाकारल्याचं तुला कोणी कळवत नाही. बाबूच्या दृष्टीनं त्याचं काम झालेलं असतं, महिन्यानंतर तू पुन्हा येतेस आणि तो पुन्हा म्हणतो, ‘केलं ना मागेच.’ अर्जाच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नको. दोन-तीन कामाच्या दिवसांनी स्टेटस परत बघ. बँकेचं नाव आणि तारीख बदलली तरच काम झालं समज.

हेच काम एनपीसीआयच्या वेबसाइटवरूनही होतं. `Consumer` खाली `Bharat Aadhaar Seeding Enabler` आहे. त्यात नवीन सीडिंग, त्याच बँकेतल्या दुसऱ्या खात्यावर बदल आणि एका बँकेतून दुसरीत बदल असे वेगळे पर्याय मिळतात. पण तुझी बँक त्या यादीत असली पाहिजे, आणि अज्ञान खात्याची किंवा केवायसीची अडचण तिथून सुटत नाही. तुझी बँक त्यात असेल तर मी हाच रस्ता धरीन, शाखेतली रांग तरी वाचते.

मॅपिंग दुरुस्त झालं म्हणजे परत गेलेले पैसे लगेच येतील असं धरू नको. परतलेली रक्कम पाठवणाऱ्या विभागाकडे जाते, आणि ती पुन्हा पाठवायचं काम बँकेच्या हातात नसतं, कॉलेजच्याही नाही. इथं समाजकल्याणचं टेबल लागतं. त्याआधी पीएफएमएस, म्हणजे सरकारी पेमेंटचा माग दाखवणारी वेबसाइट, तिच्या `pfms.nic.in` या पत्त्यावर `Payment Status` मध्ये `DBT Status Tracker` उघडून तुझ्या अर्जाचा क्रमांक टाकून बघ. तिथं लाभार्थ्याची पडताळणी झाली का आणि पेमेंटचं काय झालं, हे वेगवेगळं दिसतं. पेमेंट यशस्वी दिसलं तर पैसे कुठल्यातरी बँकेत पोचलेत. वर सांगितल्याप्रमाणे खातं शोध, समाजकल्याणला जाऊ नको. नाकारलेलं दिसलं तर कारणाचा स्क्रीनशॉट घे. तुझ्या क्रमांकावर काहीच सापडलं नाही, तर पेमेंटची फाइल निघालीच नसल्याची शक्यता धरून विचारणा कर. तुझ्या मैत्रिणींना मिळालंय म्हणून तुझंही निघालंच असेल असं नाही. याद्या टप्प्याटप्प्यानं जातात.

आपल्या जिल्ह्याचं समाजकल्याण सहायक आयुक्तांचं कार्यालय दीक्षाभूमीजवळ श्रद्धानंदपेठेत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर सामाजिक न्याय भवनात आहे. तोंडी विचारलं तर बाबू महाडीबीटी उघडतो, मंजुरी दिसते, तेवढंच सांगतो. त्याच्यासमोर हजारो अर्ज आहेत, तुझ्या बँकेचा घोळ त्याला त्या पडद्यावर दिसत नाही. म्हणून लेखी दे, आणि फार लांबवू नको. एवढं पुरे:

‘मी अमुक महाविद्यालयात बी.एस्सी. द्वितीय वर्षात शिकते. माझा महाडीबीटी अर्ज क्रमांक अमुक असून शैक्षणिक वर्ष अमुक आहे. राज्य हिश्श्याची रक्कम रु. अमुक दि. अमुक रोजी जमा झाली. केंद्र हिश्श्याची रक्कम आधार मॅपिंगच्या अडचणीमुळे जमा झाली नाही. सदर मॅपिंग आता दि. अमुक पासून अमुक बँकेत सक्रिय आहे. तरी माझी रक्कम पुन्हा वितरित करण्याबाबत कार्यवाही व्हावी व सद्यःस्थिती लेखी कळवावी, ही विनंती.’

सोबत स्टेटसचा तारखेसकट स्क्रीनशॉट, पीएफएमएसचा स्क्रीनशॉट, राज्याचा हप्ता आल्यापासून आजपर्यंतचं बँक स्टेटमेंट आणि महाडीबीटीच्या अर्जाची प्रत. आधारची झेरॉक्स देशील तर पहिले आठ अंक झाकलेली दे. आवक विभागात अर्ज देऊन आवक क्रमांक टाकून घे. पुढच्या वेळी गेलीस की नाव सांगत बसायची गरज नाही, आवक क्रमांक सांगितला की कागद निघतो. अर्जावर कॉलेजचं अग्रेषण पत्र लावलं तर बरं, आणि ते द्यायला स्कॉलरशिप टेबलनं नाही म्हणायचं काही कारण नाही. आम्ही ‘बँकेत जा’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बरोबर असतो, पण पत्र देणं आमचंच काम आहे.

या सगळ्यात फीचा विषय राहून जातो. केंद्राच्या वाट्यात फीचा भाग असतो आणि तो तुझ्या खात्यात आल्यावर तू कॉलेजमध्ये भरायचा असतो. तो न आल्यामुळे अकाउंटवाले परीक्षा फॉर्मच्या वेळी थकबाकी दाखवतील. आवक क्रमांक असलेल्या अर्जाची एक प्रत आत्ताच त्यांच्याकडे देऊन ठेव. उलट बाजूही सांगतो: विसरलेल्या खात्यात पैसे सापडले तर त्यातला फीचा भाग तुझा नाही, मोबाइल घ्यायच्या आधी पावती फाडून घे.

बँकेनं लेखी अर्ज घेऊनही मॅपिंग केलं नाही, तर शाखाधिकाऱ्याच्या नावे तक्रार दे आणि पोच ठेव. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. मात्र ही वाट बँकेच्या चुकीपुरती आहे. विभागानं रक्कम पाठवलीच नसेल तर लोकपाल काही करू शकत नाही. त्यासाठी आधी सहायक आयुक्तांकडचा आवक क्रमांक धरून विचारणा, आणि तिथं हललं नाही तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार.

आणि एक, सगळं जुळल्यावर केंद्राचा हप्ता हातात पडेपर्यंत मॅपरला धक्का लावू नको. या मधल्या काळात नवीन सिम, नवीन वॉलेट, बँक मित्राकडे अंगठा, लाडकी बहीण किंवा गॅसच्या सबसिडीसाठी खातं बदल, यातलं काहीही करताना सरकारी लाभ या खात्यात घ्यायचे का, असा प्रश्न कुठंतरी येतो. तिथली खूण आपोआप केलेली असेल तर ती काढ. स्टेटसचं पान महिन्यातून एकदा बघ, आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायच्या दिवशी पुन्हा.